कपड्यांखेरीज बदल नाही

मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. आधी सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. छापखाना बंद पडला आणि त्याच गल्लीतल्या फोटो स्टुडिओच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. काम तेच. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला नक्कल आणि मध्ये माझी नजर. फरक एवढाच की पूर्वी वेलांट्या निसटायच्या, आता माणसांचे तीळ निसटतात.

आमच्याकडे लोक फोटोतले कपडे बदलून घ्यायला येतात. कुणाच्या वडिलांचा चांगला फोटो असा एकच, आणि त्यात ते बनियनवर बसलेले. कुणाला नोकरीच्या अर्जासाठी कोट हवा, पण कोट घालून फोटो काढायला वेळ नाही. संगणकावर हे सगळं करते मालकांची सून. मालक तिला सूनबाई म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकंही तिला सूनबाई म्हणतात, आणि पाणी द्यायला येणारा माणूससुद्धा. ती मला मावशी म्हणते. राग आला की काहीच म्हणत नाही.

मला बोलावून घ्यावं लागलं त्याला कारण झालं होतं. एक कुटुंब आपल्या गेलेल्या आईचा फोटो घेऊन आलं. घरातल्या गाऊनऐवजी चांगले कपडे दाखवायचे होते. सूनबाई तेव्हा नव्या अ‍ॅपच्या प्रेमात होती. त्याला नुसतं सांगायचं, कपडे बदल, की ते बदलतं. त्यानं कपडे बदलले, आणि जाता जाता आईचा पुढचा वाकडा दातही सरळ करून टाकला. तीन मुलगे फोटो बघून खूश झाले. धाकटी मुलगी मात्र काउंटरवरच रडायला लागली. म्हणाली, ही बाई कोण आहे?

त्यानंतर मी यादी केली. तेरा ओळींची, एका पानाची, प्रत्येक कामाला एक प्रत. चेहरा, दात, केसांची कड. कॉलर जिथे मानेला लागते तिथला कातडीचा रंग. खांदे. हात, आणि बोटं मोजून. तीळ, वण, चष्मा, दागिने. अंगाची जाडी. शेजारची माणसं. मागची भिंत आणि दारं, कारण कमर जरा आत दाबली की मागची चौकट वाकते आणि चोरी पकडली जाते. उजेड कुठून येतोय आणि सावली कुठे पडतेय. प्रत्येक ओळीपुढे मी दोनच शब्द लिहिते, तसंच किंवा बदललं. शेवटची ओळ कपड्यांची. तिथे ‘बदललं’ आणि बाकी सगळीकडे ‘तसंच’ असेल तरच मी खाली शिक्का मारते. कपड्यांखेरीज बदल नाही.

संगणकावर मी आधी दोन्ही फोटो एकावर एक ठेवते आणि वरचा दाखवते, लपवते, दाखवते, लपवते. जे हललं ते डोळ्याला लगेच टोचतं. मग संगणकाला सांगते, फरक तेवढा दाखव. जे दोन्हींत सारखं ते काळं होतं आणि बदललेलं उजळतं. काळ्या पडद्यावर नुसता एक कोट तरंगताना दिसला की मला बरं वाटतं. कोटाबाहेर कुठे काही चमकलं की सूनबाईला हाक मारते. डावा खांदा म्हणजे फोटोतल्या माणसाचा डावा, आपला नव्हे, यावरूनच आमचं पहिलं भांडण झालं होतं.

एवढी कडक का, असं मालक एकदा म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. खरं कारण माझ्या घरात भिंतीवर आहे. नवऱ्याचा फोटो, कोट घातलेला. ते गेल्यावर दिराने दुसऱ्या कुठल्या स्टुडिओतून हौसेने करून आणला आणि मूळ फोटो तिथेच राहिला. तो स्टुडिओही आता नाही. नवऱ्याने जन्मात कधी कोट घातला नाही. त्या दिवशी त्यांनी कुठला शर्ट घातला होता ते आठवायचा मी फार प्रयत्न करते. कोटाच्या वरचा चेहरा त्यांचाच आहे की तोही कुणी थोडा नीट केलाय, हे ताडून बघायला माझ्याकडे काही नाही. मला ते फार लागतं.

तर असं माझं चाललेलं असताना मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या चौकात त्यांचं दुकान, गळ्यात टेप, सुई टोचू नये म्हणून बोटाला टोपण. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू पिकत आलेला. काउंटरवर त्यांनी आधी पाकिटातून एक फोटो काढला, मग पिशवीतून एक कोट. कोट गडद निळा, पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेला, नवा कोरा.

“हा माझा मुलगा,” ते म्हणाले. “लग्नातला फोटो आहे. नऊ वर्षं झाली. त्याच्या अंगात जो कोट आहे तो काढायचा आणि हा घालायचा. बाकी काही हलवायचं नाही.”

फोटोत एक तरुण आणि त्याची नवरी उभे होते. नवरीचा हात त्याच्या कोपरात. मागे खिडकी, बाजूला कुंडी. मुलाच्या अंगातला कोट राखाडी, दुकानातून तयार घेतलेला. तो तयार आहे हे मलासुद्धा कळत होतं.

“हा कोट तुम्ही शिवलात?” सूनबाईने विचारलं.

“त्याच्या लग्नासाठी. मापं होती माझ्याकडे. तो लांब राहतो. म्हटलं, लग्नाला बोलावेल तेव्हा घेऊन जाईन.” त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली. “लग्न झाल्यावर कळवलं त्याने. फोटो पाठवला. कोट राहिला माझ्याकडे.”

ते सहज बोलले, पण त्या कोटाच्या घड्या नऊ वर्षांत किती वेळा उलगडून पुन्हा घातल्या असतील ते मलमलीवर दिसत होतं. मी नजर फोटोवर नेली. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं की मी कामाकडे बघते.

सूनबाईने काम झकास केलं, हे कबूल केलं पाहिजे. अ‍ॅपला हात लावला नाही. कोट पुतळ्यावर चढवला, फोटोतल्या खिडकीच्या बाजूनेच दिवा लावला, फोटो काढला आणि तो मुलाच्या अंगावर हाताने बसवला. जुना कोट जिथे बाहेर डोकावत होता तिथे मागची भिंत भरली आणि तसं यादीवर लिहूनही ठेवलं. मी तपासायला बसले. नवरीचा अंगठा कोटाच्या बाहीखाली गेला होता, तो वर काढायला लावला. मग खांद्यांच्या ओळीवर आले आणि अडले.

मूळ फोटोत मुलाचा डावा खांदा उतरलेला होता. थोडाथोडका नाही, चांगला अंगठाभर. नव्या फोटोत दोन्ही खांदे एका रेषेत. मी मानेच्या बुंध्याजवळून आडवी रेघ टाकून मोजलं. डावा वर आला होता. मी ओळीपुढे लिहिलं, बदललं.

“मावशी, मी खांदा उचलला नाही,” सूनबाई म्हणाली. “कोटच तसा आहे. पुतळ्यावर तर डावीकडे आणखी चढा होता, उलट मीच खाली आणला.”

“पुतळ्याचे खांदे सरळ असतात. माणसाचे नसतात. तू पुतळ्याचा खांदा त्याला लावलास.”

“छान दिसतोय की.”

“दातही छान दिसत होता.”

तिने कोटाचा डावा खांदा ओढून खाली आणला, मूळ फोटोतल्या रेषेवर नेऊन ठेवला. मी पुन्हा मोजलं. तेरा ओळी जुळल्या. शिक्का मारला. मनात म्हटलं, बघा, सव्वीस वर्षं वाया गेली नाहीत.

मास्तर आले. त्यांनी फोटो डोळ्यांपासून चार बोटांवर धरला, तिरका केला, उजेडाकडे नेला. मग बोट टेकवलं ते थेट डाव्या खांद्यावर.

“हा माझा कोट नाही.”

“तुमचाच आहे, मास्तर,” मी म्हणाले. “तुमच्याच कोटाचा फोटो काढून लावलाय.”

“कापड माझं आहे. बसलाय तो माझा नाही. माझा कोट असा पडत नाही.”

मी यादी पुढे केली. मला राग आला होता, लपवत नाही. मूळ फोटो दाखवला, रेघ दाखवली. म्हटलं, तुमच्या मुलाचा खांदा मुळातच उतरलेला आहे, आम्ही तो सरळ केला असता तर तुम्हीच म्हणाला असता, हा माझा मुलगा नाही.

मास्तर स्टूल ओढून बसले आणि कोट मांडीवर घेतला.

“बाई, त्याचा खांदा उतरलाय हे मला ठाऊक नसेल का? चार वर्षांचा असताना माळ्यावरून पडला. हाड जुळलं, पण खाली जुळलं. हात घाला इथे.”

मी कोटाच्या डाव्या खांद्यात हात घातला. आत अस्तराखाली जाड गादी होती. उजवीकडे नुसती पातळ पट्टी.

“डाव्या बाजूला तीन थर,” मास्तर म्हणाले. “कमी तेवढं भरून काढायचं. शाळेच्या पहिल्या शर्टापासून मी त्याला असंच शिवत आलो. माझ्या हातचं घातलं की त्याचे खांदे सरळ. गावात कुणाला कधी पत्ता लागला नाही. हा कोट त्याने घातला असता तर तुमच्या पहिल्या फोटोत होता तसाच दिसला असता.”

सूनबाईने माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी ती चांगली आहे. पहिलाच फोटो बरोबर होता आणि मीच त्यातला खांदा पाडायला लावला होता. खांदा वर गेला तो अंगाचा नव्हता, कपड्याचा होता. माझ्या यादीत अंग एका ओळीत आणि कपडे दुसऱ्या ओळीत, जसं काही एकाचा दुसऱ्याशी संबंधच नसतो. माझा चेहरा पडला असणार.

“चूक माझी,” मी म्हणाले. छापखान्यात हे दोन शब्द मी फारदा ऐकले होते, म्हणाले क्वचित. “पहिला फोटो ठेवलेला आहे. तोच देतो.”

सूनबाईने पडद्यावर तो आणला. सरळ खांद्यांचा मुलगा, निळा कोट, नवरीचा हात कोपरात. मास्तरांनी स्टूल पुढे घेतलं. मला वाटलं, आता ते खूश होतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

“मूळ फोटो लावता का शेजारी?”

तिने लावला.

“खांदा मोठा करा.”

तिने केला. राखाडी तयार कोटावर मानेपासून काखेपर्यंत एक तिरकी घडी पडलेली होती.

“ही बघा,” मास्तर म्हणाले. “खांदा उतरला असला की तयार कोटाला अशी घडी पडतेच. नऊ वर्षं ही घडी माझ्या डोळ्यांत सलते. रोज फोटो बघायचो आणि वाटायचं, माझा पोरगा, आणि लग्नाच्या दिवशी त्याच्या अंगावर ही घडी. म्हणून तर आलो तुमच्याकडे. म्हटलं डोळे जायच्या आत एकदा नीट कपड्यांत बघून घ्यावं.”

“मग आता दिसतोय ना नीट?” सूनबाईने हळू विचारलं.

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“सतरा वर्षांचा होता. मित्राचा शर्ट घालून आला घरी, भिजला होता म्हणून. आरशासमोर उभा राहिला. तोवर त्याने स्वतःला माझ्याच कपड्यांत बघितलेलं. आंघोळीच्या खोलीत आमच्याकडे आरसा नाही. उभा राहिला, बघत राहिला. मग मला म्हणाला, बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. हातात काम होतं. म्हटलं, आधी तो शर्ट काढ, तुला बसत नाही.” त्यांनी डोळे पुसले. मोतिबिंदूने पाणी येतं म्हणाले. “त्यानंतर माझ्या हातचं त्याने घातलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. फोन येतो कधीमधी. तब्येत विचारतो. पण घातलं नाही.”

मला त्या मुलाची आठवण आल्यासारखं झालं, जो मी कधी पाहिलाच नव्हता. फोटोतला तो सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. खांदा उतरलेला, कोटाला घडी, आणि त्याला त्याचं काही नाही. नवरीलाही नाही. तिचा हात त्याच उतरलेल्या बाजूच्या कोपरात होता. मी हा फोटो इतक्या वेळा मोजला होता आणि हे मला दिसलं नव्हतं.

“घडी घालवायचे दोन मार्ग,” मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “एक, गादी भरून खांदा वर आणायचा. दुसरा, कोटच त्याच्या खांद्याला उतरवायचा. खांद्याची शिवण खाली, बाही जिथे जोडतात तो मुंढा खाली, बाही तेवढी फिरवायची. शिकलो तेव्हाच उस्तादांनी दोन्ही दाखवलं होतं. मी पहिलाच केला, जन्मभर.” त्यांनी कोट मलमलीत गुंडाळला. “आठ दिवस द्या.”

ते गेल्यावर सूनबाई म्हणाली, “मावशी, त्यांना दिसतं तरी का शिवायला?” मी म्हटलं, त्यांची बोटं बघितलीस ना. ती म्हणाली, हो.

आठ नाही, अकरा दिवस लागले. कोट आला तेव्हा डावा खांदा हातात घेतला तर आत गादी नव्हती. मऊ, सपाट, खाली उतरत गेलेला. मास्तरांनी तीन थर काढून वेगळ्या पुडीत आणले होते. का आणले ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आता पुतळा कामाचा नव्हता. सरळ खांद्यावर हा कोट चढवला की डावीकडे फुगायचा. माणूस हवा होता आणि त्याचा खांदा पडलेला हवा होता. मालक अंगापिंडाने बरोबर त्या मुलाएवढे. ते दुसऱ्यांना जन्मभर सांगत आले, खांदे सरळ, हनुवटी वर. आता त्यांनाच उभं केलं आणि मास्तर मागून डावा खांदा दाबत म्हणत होते, अजून पाडा, अजून. “अहो, पडेन मी,” मालक म्हणाले. सूनबाई हसत हसत फोटो काढत होती. सासऱ्यांवर हुकूम चालवायची संधी तिला रोज मिळत नाही.

तिने कोट बसवला आणि मी तपासायला बसले. दाखवला, लपवला. चेहरा हलत नव्हता. नवरीची चार बोटं आणि अंगठा बाहीवर. खिडकीची चौकट सरळ. आडवी रेघ टाकली. डावा खांदा अंगठाभर खाली, मूळ फोटोत होता तिथेच. आणि घडी नव्हती. निळं कापड मानेपासून काखेपर्यंत गुळगुळीत उतरत होतं. पडद्यावर सगळं काळं आणि मध्ये फक्त कोट. मी प्रत्येक ओळीपुढे ‘तसंच’ लिहीत गेले. शेवटच्या ओळीला ‘बदललं’ लिहिलं आणि शिक्का मारला.

मास्तरांनी फोटो डोळ्यांशी नेला. बोट खांद्यावरून खाली फिरवलं, पुन्हा वर, पुन्हा खाली.

“हा माझा,” ते म्हणाले. कोट म्हणाले की मुलगा, ते मी विचारलं नाही.

मग म्हणाले, “बाई, मला अक्षर दिसत नाही. मागे लिहून द्याल? त्याला पाठवतो. कोटही पाठवतो सोबत. एवढी वर्षं ठेवून काय केलं मी त्याचं?”

“काय लिहू?”

ते खूप वेळ विचार करत बसले. मालकांनी चहा मागवला, तो आला, संपला. मला वाटलं, आता लांबलचक काही सांगतील. त्यांनी एवढंच सांगितलं, “लिहा, खांदा तुझाच ठेवलाय.” मी लिहिलं. सतरा वर्षांच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर लिहितेय हे मला कळत होतं, आणि ते फार उशिरा चाललंय हेही कळत होतं.

पार्सल गेलं. मास्तर त्यानंतर चौकातून जाता येता स्टुडिओच्या दारात थांबायला लागले. काही विचारायचे नाहीत. काय चाललंय म्हणायचे, आणि आम्ही म्हणायचो, चाललंय. एक महिना गेला. दुसरा गेला. एकदा म्हणाले, पोचलं असेल ना हो? सूनबाई म्हणाली, पोचलंय मास्तर, सही आली आहे. ते म्हणाले, हां, मग पोचलं. आणि गेले. त्यांचं ते ‘मग पोचलं’ मी घरी नेलं. भिंतीवरच्या कोटातल्या माणसाकडे बघत मी त्या दिवशी जेवले. ज्यांची वाट बघता येते त्यांचा मला हेवा वाटला, हे खरं सांगते.

तिसऱ्या महिन्यात, भर दुपारी, मास्तर फोन हातात धरून आले. धावत आल्यासारखे दमले होते.

“फोटो आलाय. मला नुसता निळा रंग दिसतो. बाकी सगळं धुरकट. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर कुठे थांबू? बाई, तुमची यादी लावा. काय काय बदललंय ते मला सांगा.”

सूनबाईने फोटो पडद्यावर घेतला आणि शेजारी आमचा तो लग्नाचा लावला. मी यादीची कोरी प्रत काढली. दोन वेगळ्या दिवसांचे फोटो यादीवर ताडायचे नसतात, यादी त्यासाठी नाहीच. पण मी चष्मा पुसला आणि वाचायला लागले.

“केस. बदललेत. कानांवर पांढरे झालेत.”

“एवढ्यात?”

“चेहरा. बदललाय. भरलाय. डोळ्यांभोवती रेषा आल्यात. चष्मा आधी नव्हता, आता आहे.”

“माझ्यावर गेला,” मास्तर म्हणाले.

“मागची भिंत वेगळी. स्वयंपाकघर दिसतंय. उजेड डावीकडून. शेजारची माणसं,” मी थांबले. “नवरी नाही फोटोत. तीच काढत असेल. एक मुलगी आहे. त्याचा हात धरून उभी आहे.”

मास्तरांनी काउंटर धरला. “केवढी?”

“पाचेक वर्षांची. पुढचे दात पडलेत.”

“मला सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “मीही विचारलं नव्हतं.” मग विचारलं, “खांदे?”

मी ती ओळ मुद्दाम मागे ठेवली होती. मानेच्या बुंध्याजवळून आडवी रेघ टाकली. मोजलं.

“डावा खांदा. तसाच.”

“घडी?”

“घडी नाही, मास्तर. कुठेच नाही.”

“आणि कोट?”

“तोच. बदल नाही.”

मी आयुष्यात पहिल्यांदा ती यादी उलटी भरली होती. जवळजवळ सगळीकडे बदललं, आणि शेवटच्या ओळीला तसंच. मास्तरांनी कागद मागून घेतला आणि वाचता येत नसताना हातात धरून ठेवला.

“बटण लावलंय का त्याने?” त्यांनी विचारलं.

मी बघितलं. “नाही.”

“का नाही? नीट बघा.”

मी मोठं केलं. पोटापाशी कोटाच्या दोन्ही बाजू चांगल्या चार बोटं दूर राहिल्या होत्या. “लागत नसणार. पोट सुटलंय जरा.”

मास्तर हसले. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. “असू दे. आत माया आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन दोन बोटं कापड जादा दाबून ठेवलंय. उसवली की येईल अंगात.”

“मग तसं कळवू या,” सूनबाई म्हणाली. “तिकडचा कुणी शिंपी करून देईल.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “तिकडच्याला नाही सापडायची. बाई, लिहा त्याला. आत माया आहे, पण ती मलाच ठाऊक कुठे ठेवलीय. कोट घेऊन ये. मुलीलाही आण, तिचं माप घ्यायचंय.”

मी फोनवर लिहिलं. पाठवण्याआधी सवयीने दोनदा वाचलं.

“चूक नाही ना कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले, आणि पाठवलं.